पोहोचलात का?

टॅक्सीच्या ॲपमधले इंग्रजी मेसेज मराठीत आणायचं काम माझी मावशी करते. मेसेज बाईला जाणार की बाप्याला, हे तिला कधीच कळत नाही. नव्या सहकाऱ्याने ‘घरी पोहोचलास का?’ असं लिहिलं, तेव्हा ती कडाडली, “आणि बायका काय रस्त्यातच राहतात?” तिने ‘पोहोचलात का?’ केलं, कुणालाही चालेल असं.

आजी गेल्यापासून मावशी एकटीच राहते. परवा मीच तिला टॅक्सीत बसवून दिलं. ती कुलूप काढून आत गेली आणि तिच्या फोनवर तिचंच वाक्य आलं. तिने मला फोन लावला.

“वाक्यात चूक काहीच नाही गं,” ती म्हणाली. “पण आई आतूनच ओरडायची, ‘आलीस का गं?’”

मग म्हणाली, “तू विचार ना एकदा.”