सात हवे असताना चार

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे ‘चालेल’ म्हणूनच ओळखत. जन्माचं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. डबल पाळी करशील का? चालेल. पंखा बंद आहे, बसशील का? चालेल. मागून दिवे लावलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर बसून समोरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडा गेलेली बाटली उचलून बाजूला टाकायची, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम. केसाएवढा तडाही त्याच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ ठार आंधळा होता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बाबा रविवारी पहाटे गेले. गाव बसने अकरा तासांवर. हा पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि सगळे त्याच्याचसाठी थांबले होते. थोरला मुलगा तोच. अग्नी त्याने दिला.

घराण्याची रीत अशी, की ज्याने अग्नी दिला त्याने बाराव्या दिवसापर्यंत घरातला दिवा सांभाळायचा, गावाची वेस ओलांडायची नाही, आणि बाराव्या दिवशी राख त्याच्याच हातांनी नदीत सोडायची. दुसऱ्याच्या हाताने चालत नाही. बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, हे त्याला दोनदा ऐकवलं. आत्या काठी टेकत चालते, पण बोलणं अजून खणखणीत.

कारखान्याचा नियम त्याला पाठ होता. आईवडील गेले तर तीन दिवस भरपगारी. सोमवार, मंगळवार, बुधवार. बारावा दिवस पुढच्या गुरुवारी. मधला रविवार सुट्टीचाच, म्हणजे कामाचे आणखी सात दिवस हवे होते. तीन दिवस संपायच्या आत अर्ज जायला हवा, विभागाच्या साहेबांची सही हवी, आणि मृत्यूचा दाखला मागाहून दिला तरी चालतो. बुधवारी दुपारी तो वहीतला कागद फाडून ओटीवर बसला.

त्याची धाकटी बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “दादा, सात लिही हं.”

“हो, हो.”

त्याने तारीख घातली, ‘मा. महोदय’ लिहिलं, वडिलांचं निधन झाल्याचं लिहिलं. ‘धार्मिक विधी बाराव्या दिवसापर्यंत आहेत’ हेही लिहिलं. मग आकड्यापाशी पेन थांबलं. सात हा आकडा त्याला अंगावर आला. एका माणसाने एकदम सात मागायचे? साहेब काय म्हणतील? त्याने लिहिलं, चार. आधी चार मिळू देत, मग बघू. कागदाचा फोटो काढून पाठवला आणि काम उरकल्यासारखा दिव्याजवळ जाऊन बसला.

अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘मंजूर. चार दिवस.’

बहिणीने फोन त्याच्या हातातून घेऊन वाचला. तिचा चेहरा पडला.

“चारच? म्हणजे सोमवारी दुपारच्या बसने तू निघणार? आणि राख?”

“तीन दिवस पुढे मागून घेतो ना.”

“मागशील?” तिने विचारलं. नुसतं विचारलं, पण त्याला ते झोंबलं.

शुक्रवारी धीर करून त्याने साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. “अहो, मग एकदमच सात लिहायचे होतेत ना! मी चार दिवसांपुरता दुसऱ्या पाळीचा माणूस बसवलाय. मंगळवारी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येतायत. आता कुठून माणूस आणू? बघतो.”

साहेबांचं ‘बघतो’ म्हणजे काय ते तो जाणून होता. त्याने “चालेल” म्हणून फोन ठेवला.

त्या दिवशी तो जेवला नाही. शेजारची मंडळी भेटायला येत होती. एक म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुझ्या बाबांना तुझा फार अभिमान रे. आम्ही म्हणायचो, मुलाला बोलावून घ्या, आठ महिने अंथरुणावर आहात. तर म्हणायचे, त्याच्याशिवाय तिथलं पान हलत नाही, त्याला रजा देतच नाहीत.”

म्हातारा गेला. तो दिव्याची वात पुढे सारत राहिला. आठ महिन्यांत तो तीनदा आला होता. तिन्ही वेळा रविवारी सकाळी पोचून संध्याकाळच्या बसने परत. हिवाळ्यात बाबांनी फोनवर म्हटलं होतं, “आठ दिवस येतोस का? काही काम नाही. नुसता बस इथे.” आणि त्याने उत्तर दिलं होतं, “रजा मिळत नाही हो, बाबा.” बाबा लगेच म्हणाले, “असू दे, असू दे. नोकरी सांभाळ.”

शनिवारी अकराच्या सुमारास कार्यालयातल्या मॅडमचा फोन आला. रजांचं सगळं त्याच बघतात, वयाने त्याच्या भाचीएवढ्या. तो अंगणात गेला.

“काका, फार वाईट वाटलं ऐकून. साहेबांनी सांगितलं, तुम्हाला आणखी तीन दिवस हवेत. तुम्ही अर्जात बारावा दिवस लिहिलाय आणि मागितलेत चार, मला तेव्हाच हिशेब लागेना. फोन करायला हवा होता, राहिलाच.”

“बिनपगारी द्या, मॅडम. पगार कापा, पण...”

“बिनपगारी कशाला? हक्काची रजा पडलीय ना तुमची. पंचेचाळीस होती, त्यातलेच हे चार गेले. अजून एक्केचाळीस शिल्लक आहे.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काका? पंचेचाळीसच्या वर साठत नाही, म्हणून दर वर्षी तुमची वाया जाते. गेल्या वर्षी अकरा दिवस गेले, त्याआधी नऊ. मी मनात म्हणायचे, हे काका कधी मागतच नाहीत. तीन दिवसांचा अर्ज आत्ता पाठवा. तपासणीचं मी साहेबांशी बोललेय, ते पहिल्या पाळीतल्या बाईंना थांबवणार आहेत. सही होईल.”

“चालेल,” तो म्हणाला, आणि तो शब्द त्याला तोंडात कडू लागला.

अर्ज त्याने उभ्यानेच लिहिला. यावेळी आकडा लिहिताना हात अडला नाही. तासाभरात मंजुरी आली. आत्याने ऐकून हात जोडले, बरं झालं म्हणाली आणि आत गेली. म्हणजे राख त्याच्याच हातून जाणार होती. ज्याच्यासाठी दोन दिवस जीव टांगणीला लागला होता, ते मिळालं होतं, आणि त्याला अंगणातून हलवत नव्हतं.

बहीण बाहेर आली. बाबांना शेवटचे आठ महिने तिने एकटीने उठवलं-बसवलं होतं. तिने फोनवरचा संदेश वाचला, डोळे पुसले आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

“दिली शेवटी,” ती म्हणाली. “बाबा असताना दिली असती तर काय बिघडलं असतं त्यांचं? आठ दिवस तरी. शेवटी शेवटी दार वाजलं की बाबा मान वळवून बघायचे. मी सांगायचे, अहो, त्याला सोडत नाहीत. मग गप्प व्हायचे.”

तो पायरीवर पुढे वाकून बसला होता. कारखान्याला शिव्या घालायची ती त्याला वाट करून देत होती. नुसतं ‘हो ना’ म्हटलं असतं तर जन्मभर निभावून गेलं असतं.

“त्यांनी नाही म्हटलं नव्हतं गं,” तो म्हणाला. “मी मागितलीच नव्हती.”

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि आत गेली, आणि बाराव्या दिवसापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.