मऊ भाताचा अर्ज

मंजुळाबाई दुष्काळात बीडकडून पिंपरीला आली ती नवऱ्याच्या मागून. पुढे नवरा वारला आणि त्याच्या जागी तिला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला घेतलं, तेही बदली कामगार म्हणून. शिफ्ट आठवड्याला फिरायची. एकट्या पोरीला खोलीत ठेवून जायचं म्हणजे जीव टांगणीला. म्हणून इंद्रायणीला तिने देहूरोडजवळच्या मुलींच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं होतं.

सहावीत असताना पोरीचा गाल सुजला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडी कापून दाढ काढली, आतली गाठ खरवडली, टाके घातले.

"चार दिवस पूर्ण आराम. खेळ, कवायत काही नाही," डॉक्टर म्हणाले. "टाके निघेपर्यंत मऊ खायला द्या. गरम नको, तिखट नको. आणि उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळूच गुळण्या."

पहिला दिवस मंजुळाबाईने रजा काढली. दुसरी मागितली तेव्हा सुपरवायझर नुसता तिच्याकडे बघत राहिला. बदली कामगाराला ते बघणं पुरतं. पोरीला वसतिगृहात पोचवण्यावाचून इलाज नव्हता.

चौथी शिकलेली बाई. स्टोव्हशेजारी बसून तिने दोन कागद फाडले, तिसरा लिहिला:

"मा. मुख्याध्यापिका बाई यांस, स. न. वि. वि. माझी मुलगी कु. इंद्रायणी हिच्या दाढेचे ऑपरेशन झाले आहे. तिला चार दिवस वर्गात न बसवता आजारी खोलीत विश्रांती द्यावी. टाके निघेपर्यंत भाकरी देऊ नये. मऊ भात, वरण किंवा दूध द्यावे, गार करून. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. मला घरी ठेवता आले असते तर तसदी दिली नसती."

शेवटचं वाक्य खोडावं असं तिला वाटलं. पण पुन्हा लिहायची ताकद उरली नव्हती.

शाळेत हेडक्लार्क उद्धवरावांनी अर्ज वाचला, आत नेला, सही घेऊन आले. "मंजूर झालाय. काळजी करू नका." मंजुळाबाई तशीच कंपनीत गेली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती घरी न जाता देहूरोडची बस धरून आली. आजारी खोलीत इंद्रायणी कॉटवर बसली होती. ताटलीत पाणी, पाण्यात भाकरीचे तुकडे. ते फुगायची वाट बघत होती.

"काय खाल्लंस गं कालपासून?"

पोरीने तोंड न उघडता हात हलवला. मग पुटपुटली, "दूध दिलं होतं सकाळी. बाकी भाकरी अन् उसळ. चावता येईना."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"अर्ज दिलाय म्हणालीस ना तू."

मंजुळाबाईला चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं. ती ऑफिसात गेली. उद्धवरावांनी फाइल उघडून अर्ज दाखवला. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी.

"आराम दिलाय बघा तिला," ते म्हणाले. मग फाइल मिटत, "जेवणाचं मुदपाकखान्यात कळवायचं राहिलं वाटतं."

"मग मी कळवते," ती म्हणाली.

मुदपाकखान्यात भिमाबाई परातीत पीठ मळत होती. सगळं ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"मला कुणी काय बोललंच न्हाई, बाई. ताट गेलं तसं परत आलं, मला वाटलं पोर रुसलीया. व्हय, माझीच चूक. जाऊन बघाया पायजे हुतं." तिने हात धुतले. "भात शिजतोच हाय. पेजेसकट काढून घोटते. मीठ, तूप घालून निववते. टाकं निघस्तवर तिचं ताट मीच नेईन."

"तिखट नको."

"ध्यानात हाय."

भात निवेपर्यंत मंजुळाबाई कॉटच्या कडेला टेकली. इंद्रायणीने वाटी मांडीवर घेतली, न दुखणाऱ्या बाजूने हळूहळू गिळत राहिली. अर्धी वाटी झाली तेव्हा ती म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

आई भिंतीला डोकं लावून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड किंचित उघडं, चप्पल पायातच. वसतिगृहाच्या बाई येऊन उठवायला निघाल्या, तर इंद्रायणीने बोट ओठांवर ठेवलं.

शेवटची बस जायच्या आधी भिमाबाईनेच तिला हलवून उठवलं, आणि हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली.

टाके ठरल्या दिवशी निघाले. जखम स्वच्छ होती. मंजुळाबाईने त्या दिवशी रजा मागितली नाही, रात्रपाळी करून थेट पोरीला घेऊन पुण्याला गेली. पुढे कंपनीने तिला कायम केलं, पण त्याला अजून दोन वर्षं जायची होती.