काकांच्या खात्यातले मधले दिवस

चाकणच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटर आणि मेलची खाती सांभाळते, तिथे गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. ते भाग ज्या साच्यांतून निघतात, त्यांची दुरुस्ती टूलरूममध्ये होते आणि टूलरूम म्हणजे काका. साचा अडला की मॅनेजरच्या आधी त्यांना फोन जायचा. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ताई म्हणायचे. माणूस फटकळ. माझंही तोंड काही कमी नाही, म्हणून आमचं जमायचं.

त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि ते लांब रजेवर गेले. पण सकाळचा मेल त्यांनी सोडला नाही. आदल्या दिवशी किती माल निघाला, कुठला साचा किती वेळ बंद होता, याचा तक्ता सुपरवायझर रोज सकाळी सगळ्यांना पाठवतो. काका तो पिंपळे गुरवच्या घरी, अंथरुणात, मोबाइलवर वाचायचे आणि एखादी ओळ लिहायचे. ‘पिन झिजली असेल, बघा.’ बहुतेक वेळा पिनच झिजलेली असायची. केमो झाल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती ओळ यायची.

भावाच्या लग्नासाठी मी सुट्टी घेऊन लातूरला गेले होते. परत येऊन दिघीच्या खोलीवर बॅग टेकवते न टेकवते तोच काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. त्यांनी मला आधी कधी फोन केला नव्हता.

“ताई, ह्यांनी जेवण सोडलंय. कंपनीनं काढून टाकलं म्हणत्यात. खरं हाय का?”

मी म्हटलं, असं काही नाही काकू, कोणी सांगितलं? त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं. एका सकाळी काकांच्या मोबाइलवर मेल उघडेचना. पासवर्ड टाकून पाहिला तर हे खातंच नाही म्हणून आलं. त्यांनी ऑफिसला विचारलं नाही. विचारणार नव्हतेच, मानी माणूस. भोसरीच्या एका जुन्या सप्लायरशी बोलताना सहज विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या पत्त्यावर मेल टाकला की हल्ली दुसराच कोणीतरी उत्तर देतो. झालं. त्या दिवसापासून काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन खाती उघडली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सुट्टीवर असताना माझं काम बाहेरच्या एजन्सीच्या माणसाकडे दिलं होतं. मॅनेजरने त्याला सांगितलं होतं, रजेवरच्या माणसाचं खातं तात्पुरतं थांबवा आणि सप्लायरचे मेल नव्या इंजिनिअरकडे वळवा. ह्या पठ्ठ्याने थांबवण्याऐवजी खातं डिलीटच केलं. मग मेल परत जायला लागले, म्हणून दोन दिवसांनी काकांचा पत्ता नव्या इंजिनिअरला जादा पत्ता म्हणून जोडून दिला. जाब विचारला तर म्हणतो, मॅडम, रिझल्ट तर तोच ना? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

डिलीट केलेलं खातं लगेच नाहीसं होत नाही, एवढी एक गोष्ट बरी. आमच्याकडे वीस दिवस ते डिलीट झालेल्यांच्या यादीत पडून असतं, तोवर परत आणता येतं. त्यानंतर देवही आणू शकत नाही. मुदतीतले थोडेच दिवस उरले होते. मी परत आणायचं बटण दाबलं, तर नकार. आधी लायसन्स, म्हणजे खात्यामागे कंपनी विकत घेते तो परवाना, शिल्लक नाही म्हणून. काकांचं मोकळं झालेलं लायसन्स कोणातरी नव्या माणसाला देऊन टाकलं होतं. ट्रेनिंग रूमचं एक खातं कोणी वापरत नव्हतं, ते काढून मी लायसन्स मोकळं केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. हा पत्ता दुसऱ्याकडे आहे. नव्या इंजिनिअरच्या खात्यातून काकांचा पत्ता काढला, थोडा वेळ थांबले, तिसऱ्यांदा दाबलं आणि काकांचं नाव परत कामावरच्या माणसांत दिसलं. मी जागेवरच डोळे पुसले. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, सर्दी झाली असेल.

मोबाइलवर खातं नव्याने जोडायचं होतं, म्हणून नवा पासवर्ड घेऊन संध्याकाळी पिंपळे गुरवला गेले. काका ओळखू येत नव्हते. ज्या हातांनी ते पोलादाची धार चाचपून बघायचे, त्यांची नुसती हाडं उरली होती. मी सांगितलं, काका, चूक झाली, एजन्सीच्या माणसाची. तुम्हाला कोणी काढलेलं नाही. मॅनेजरशी फोन जोडून दिला. तेही दोनदा सॉरी म्हणाले. काका सगळं ऐकून घेत होते.

पासवर्ड मीच टाकला. जुने मेल हळूहळू यायला लागले. यायला वेळ लागतो, एकदम येत नाहीत, असं मी सांगत होते आणि ते बोटाने वर सरकवत होते. बऱ्याच वेळाने थांबले. खातं बंद होतं त्या दिवसांचे तक्ते तिथे नव्हते. कसे असणार? सुरुवातीचे मेल पाठवणाऱ्याकडे परत गेले होते आणि नंतरचे नव्या इंजिनिअरकडे. परत आणलेल्या खात्यात मेल मिळतात ते डिलीट होण्याआधीचे. मधल्या दिवसांत त्या पत्त्यावर काका नव्हतेच.

मी म्हटलं, उद्याच सगळे गोळा करून पाठवते. त्यांनी मोबाइल छातीवर ठेवला.

“राहू दे ताई. त्या दिवसांत मी नव्हतो.”

मला इतका राग आला! एजन्सीवर, मॅनेजरवर, लग्नात नाचत बसलेल्या माझ्यावर, आणि खरं सांगते, काकांवरही. मी म्हटलं, असलं बोलायचं नाही. काकूंनी चहा आणला. काकांनी कपभर चहा घेतला, तर काकूंनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आणि नव्या इंजिनिअरकडून तेवढे सगळे तक्ते मागवून मी काकांना पाठवले. त्या सकाळच्या तक्त्याला त्यांची ओळ आली. ‘डाव्या बाजूची स्प्रिंग बदला.’ टूलरूममधल्या पोरांनी ती ओळ मोठ्याने वाचली म्हणे. मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर जेमतेम महिनाभर ओळी येत राहिल्या. मग एका सकाळी आली नाही. सगळ्यांना कळलं.

दिवसकार्य झाल्यावर मॅनेजरने सांगितलं, टूलरूमच्या कामाचे मेल नव्या इंजिनिअरला द्या आणि खातं बंद करा. आता खरंच बंद. काकूंना विचारून मी तो इंजिनिअर शेजारी असतानाच काकांचं खातं उघडलं. भला पोरगा आहे, काकांच्या खुर्चीत बसायला अजून बिचकतो. मेलची यादी खाली सरकवता सरकवता तो थांबला.

“मॅडम, काकांनी शेवटपर्यंतचा एकूण एक मेल वाचलाय. तुम्ही पाठवलेले एवढेच उघडले नाहीत.”

मधल्या दिवसांचे ते तक्ते ओळीने ठळक अक्षरांत पडून होते.

कामाचे मेल त्याच्याकडे गेल्यावर मी खातं डिलीट केलं. काकांचं नाव पुन्हा त्या वीस दिवसांच्या यादीत गेलं, शेजारी परत आणायचं बटण होतंच. रोज सकाळी मी यादी उघडून नाव बघायचे आणि बंद करायचे. एका सकाळी नाव तिथे नव्हतं. सुपरवायझरचा तक्ता आला होता, एक साचा दोन तास बंद होता. का, ते कोणी लिहिलं नव्हतं.