सापडलं तसं

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाकडी फ्रेम बघवत नाही. कुणाकडे गेले तरी चहा येईपर्यंत भिंतीवरची फ्रेम सरळ करून मोकळे. घरातलं घड्याळ मागे पडलं, झाकण सैल झालं, तर आम्हाला कळायच्या आत ते नीट झालेलं असतं. सासूबाई वैतागतात, "ह्यांच्याशी भांडायचं तरी कशावरून? पुरावाच ठेवत नाहीत!"

कारखान्यातही तीच तऱ्हा. चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात. मी त्याच विभागात टेबलावर. कुठलं उपकरण किती महिन्यांनी तपासायचं, ते मी ठरवते. माझा नवरा बॉयलर चालवतो. थोडक्यात, घरातली भांडणं डब्यातून कारखान्यात जातात.

त्या आठवड्यात माझ्यापुढे बॉयलरच्या प्रेशर ट्रान्समीटरची फाइल होती. वाफेचा दाब तो मोजतो आणि विजेच्या बारीक प्रवाहाचा सिग्नल पाठवतो: शून्य दाबाला ४ मिलिअँपिअर, पुढे दाबाच्या दर बारला एक जास्त. दाब मर्यादेपुढे गेला की त्याच सिग्नलवर बॉयलर बंद पडतो. दर सहा महिन्यांनी अप्पा तो तपासायचे. तपासणीच्या कागदावर दोन रकाने असतात: हात लावण्याआधी 'सापडलं तसं' आणि नीट केल्यावर 'सोडलं तसं'. मागच्या वेळी कसं सोडलं आणि या वेळी कसं सापडलं, यातला फरक म्हणजे उपकरण तेवढ्या काळात किती सरकलं. त्यावरून पुढची मुदत ठरते.

चार वर्षांचे आठ कागद. आठही वेळा शून्य दाबाला सापडलं ४.०० मिलिअँपिअर, सोडलं ४.००. असलं उपकरण सहाऐवजी अठरा महिन्यांनी तपासलं तरी चालतं. साहेब खूश. पुढच्या महिन्यात अप्पा निवृत्त होणार म्हणून साहेबांनी 'निर्दोष नोंदी'ची शील्डसुद्धा करायला टाकली. अठरा महिन्यांच्या मुदतीवर फक्त माझी सही राहिली होती.

आणि माझ्या हातून सही होईना. फाइल मिटली, उघडली, पाणी प्यायले, पुन्हा उघडली. एवढ्या उष्णतेत, थरथराटात बसलेलं यंत्र चार वर्षांत केसभरही हलत नाही? छे! बॉयलरच्या त्याच वाफेच्या ड्रमवर दुसरा ट्रान्समीटर आहे, रोजच्या नियंत्रणासाठी. दोन्हींची साठवलेली रीडिंग मी शेजारी शेजारी लावली. अप्पांचा ट्रान्समीटर सहा महिन्यांत हळूहळू ०.०६ बार कमी दाखवायला लागायचा आणि त्यांच्या तपासणीच्या दिवशी फरक झटक्यात नाहीसा. आठही वेळा.

कागद घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. अप्पा चहा पीत होते.

"अप्पा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "अगं, दाब सोडला की ३.९४ दिसतं. चुकलेलं दिसलं की हात जातोच. नीट करतो, मग लिहितो. खोटं थोडंच लिहिलंय? ४.०० च होतं."

"तुम्ही केल्यावर होतं!" माझा आवाज चढलाच. "सहा महिन्यांत सहा शतांश बार. दीड वर्ष सोडलं तर अठरा. दाब तेवढा जास्त चढल्याशिवाय बॉयलर बंदच होणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, मान्य, पण त्याच्या भरवशावर सोडायचं? आणि समोर उभा कोण असतो, अप्पा?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"सही केलीस?"

"नाही."

त्या संध्याकाळी ते जेवण झाल्या झाल्या उठले. गॅलरीत नुसत्या येरझाऱ्या. मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता. शील्ड, निरोप, चौतीस वर्षांचं नाव, सगळं मीच मातीत घालत होते.

सकाळी नेमकी तपासणी होती. अप्पा मला म्हणाले, "तू चल." त्यांनी ट्रान्समीटर लाइनपासून तोडला, दाब सोडला, मीटर लावला. ३.९४. त्यांचा हात सवयीने पुढे गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"लिही आधी."

मी लिहिलं. हातपंपाने दाब चढवत पाच टप्प्यांवर बघितलं, सगळीकडे तेवढंच कमी. मग कुठे त्यांनी शून्य जुळवलं.

तिथून ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये. आठ कागद टेबलावर ठेवले. "साहेब, हे 'सापडलं'चे आकडे माझे आहेत, यंत्राचे नाहीत. हिशोबात धरू नका."

साहेब चपापले. "अप्पा, अहो, शील्डवर नाव कोरायला दिलंय!"

"मग थांबवा."

चूक ०.०८ मिलिअँपिअरपर्यंत चालते. सहा महिन्यांत ०.०६ जात असेल तर सहा महिनेसुद्धा काठावरच. मी मुदत चार महिने केली, निम्म्या वाटेवरच पकडायला. आणि खाली सही केली.

निरोपाला नुसती फुलं मिळाली. घरी आलो तर बाहेरच्या खोलीतली फ्रेम तिरकी. अप्पा तिच्यापुढे उभे राहिले, हात पाठीमागे.

"सूनबाई, ये गं जरा. वाकडी आहे, बघितलीस?"

मी "बघितली" म्हटल्यावरच त्यांनी फ्रेमला हात लावला.