तिसऱ्या हाकेची ओ

आमच्या बाबांचा आवाज एवढा की शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली तर हायवेवरच्या जाम गावच्या चौकातले ट्रक थांबायचे. मी खोटं सांगत असेन तर चौकातल्या कुणालाही विचारा. तेव्हाचे लोक आता तिथं नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हाकेचे आमच्या गावात कडक नियम होते. ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं. ऐकणाऱ्यानं पहिल्या हाकेला गप्प राहायचं, दुसरीलाही गप्प. भुताला म्हणे तिसरी हाक मारताच येत नाही. तिसरी आली की छाती भरून म्हणायचं, "ओ!"

अशा घरात फोन आला. गावातला पहिलाच, काळा, वजनाला तान्ह्या वासराएवढा. बसवायला आलेल्या लाइनमननं चहा पिता पिता सगळं समजावलं. "दादाजी, घंटी वाजली की उचला आन् आधी तुमीच हॅलो म्हणा. समोरच्याले तुमी दिसत नाई. तुमी बोललाच नाई तर तारेवर माणूस आला का तारच मेली, त्याले कसं समजन?" पार सुरुवातीला फोनला घंटाच नव्हती म्हणे, तार कायम जोडलेली. मग पलीकडच्याला बोलवायचं कसं? फोन शोधून काढणाऱ्या साहेबाला खलाशांची 'अहॉय' ही आरोळी हवी होती. दुसरा एक साहेब म्हणाला, हॅलो बरा, लांबून ऐकू येतो. एक्स्चेंजवाल्यांनी तोच धरला आणि जिथं तार गेली तिथं हॅलो गेला.

बाबांनी मान हलवली. ऐकलं मात्र काहीच नाही.

त्याच पावसाळ्यात ताईचं नाव वर्ध्याच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत लागलं. एक जागा रिकामी होणार होती. तिथला बाबू दुपारी फोन करणार. पाचच्या आत होकार मिळाला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. ताई दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला जामला गेलेली. मी ओसरीत बाजेवर, आंब्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये. (आंबा तीन मजली होता. निदान पडताना तरी.) फोनजवळ बाबा, धुतलेलं धोतर नेसून.

तीनला घंटी वाजली. बाबांनी फोन उचलून कानाला लावला आणि ध्यानस्थ बसले. "हॅलो, हॅलो," आतून आवाज आला. पुन्हा हॅलो. मग खट्.

"बाबा, बोलले काऊन नाई?" मी ओरडलो.

"माह्यं नाव कुठं घेतलं त्यानं?"

"तुमीच आधी हॅलो म्हणा ना!"

"मी काऊन म्हणू? हाक त्यानं मारली, मी नाई."

माय चुलीपुढून म्हणाली, "अवो, पोरीची जागा जाईन जी! मले द्या तो फोन."

"पोरीचा बाप जित्ता आहे अजून," बाबा म्हणाले.

चारला पुन्हा तेच. हॅलो, हॅलो, खट्. मायनं उलथनं आपटलं. मी बाजेवरून उतरायला गेलो आणि बाजेसकट आडवा झालो. पावणेपाचला घंटी वाजली तेव्हा मी जमिनीवरून सरपटत निघालो होतो; घोरपडीनं हेवा करावा अशा वेगानं, तरी पोचलो नाही.

बाबांनी बोटं मोजली. एक, दोन, तीन. चेहरा उजळला. फोन उचलला आणि धुऱ्यावरचा आवाज काढला, "ओ!"

तारेवरच्या चिमण्या हिंगणघाटपर्यंत उडाल्या असतील. पलीकडून दबकत आवाज आला, "कोण बोलून राह्यलं?"

"हाक तू मारली, तू सांग."

"मी नर्सिंग कॉलेजातून बोलतो. दोनदा केला, कोणी बोलतच नाई! मी पुढच्या पोरीले लावत होतो, मंग म्हटलं अजून एक डाव पाहू."

"तिसऱ्या हाकेले देली ना ओ. आमच्याकडं असंच आहे."

बाबू हसला. "काका, आमचा बुढा बापही गावी, गिरडले, असाच करे. पोरगी येते का मंग?"

"येते. तीनदा येते!"

ताई नर्स झाली. त्या दिवसानंतर मायनं बाबांकडून हॅलो घोटवून घेतला, आणि एकदा तोंडात बसल्यावर तो फोनपुरता राहिला नाही. मी धुऱ्यावरून हाक मारली तरी बाबा तुरीतून म्हणायचे, "हॅलो!" गावभर हेच. ओ कधी गेला, कुणाला कळलंही नाही.

आता बाबांच्या बंडीच्या खिशात मोबाइल असतो. घंटी वाजली की डोळ्यांजवळ धरून पाहतात. अनोळखी नंबर असला तर हॅलो. रोज संध्याकाळी ड्युटी संपल्यावर ताईचा येतो, तेव्हा पडद्यावर तिचं नाव असतं, फोटो असतो. मग बाबा घाई करत नाहीत. एक घंटी जाऊ देतात, दुसरी जाऊ देतात. ताईही पलीकडे थांबते, तिला माहीत आहे.

तिसरीला उचलतात आणि हळूच लेकीला म्हणतात, "ओ, माय."