दबलेला कापूस

२०२१ साल. मी बहात्तर वर्षांचा. पौषाची थंडी धुळ्यात उतरली होती. माझी बायको अंथरुणावर होती. डॉक्टर "घरी न्या" म्हणाले, तेव्हाच आम्ही काय ते समजलो.

शाळा मी दुसरीतच सोडली, पण कापूस मला कळतो. जन्मभर गाद्या-गोधड्या भरल्या. तिच्या अंगावरची गोधडीही माझ्याच हातची, चोपड्याकडचा कापूस घालून भरलेली. तरी ती कुडकुडायची.

"हाई आंगले थंडी लागस," ती म्हणायची.

सुनेनं बाजारातून केसाळ ब्लँकेट आणलं. मी ते उचलून खुंटीवर टाकलं.

"गादीवाल्याच्या घरात हे प्लास्टिक?"

"प्लास्टिक तर प्लास्टिक. आईंना ऊब हवी, आबा."

"त्यात काय विस्तव भरलाय?"

"तुमच्या गोधडीत भरलाय का?"

बायको पांघरुणात हसली. मग सून माझा हात धरून म्हणाली, "दोन्हींवर ठेवून बघा."

गोधडीची सुती खोळ गार लागली, ब्लँकेट ऊबदार. दोन्ही एकाच खोलीत होती, म्हणजे सारखीच गार असणार. सून म्हणाली, खोळ सपाट आहे, ती हाताला सगळी चिकटते आणि अंगातली ऊब झटकन ओढून घेते. ब्लँकेटचे केस टोकांनीच टेकतात. मध्ये अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. लोकरीचंही तसंच. सुती कापड ऊब ओढून घेतं, म्हणून तर वैशाखात आईंना सुती लुगडंच बरं वाटायचं.

गिऱ्हाइकाला मीच सांगायचो, कापूस वजनानं नाही, फुगण्यानं ऊब देतो. गोधडी चिमटीत धरून पाहिली. वर्षानुवर्षं कधी पांघरून, कधी अंथरून, दबून दबून आतला कापूस फळीसारखा झाला होता. हवा राहिलीच नव्हती त्यात.

ब्लँकेट मीच खुंटीवरून काढलं. गोधडीच्या आत, थेट तिच्या अंगाशी लागेल असं पसरलं. तिचे पाय मुठीत धरून बसलो. नुसती हाडं राहिली होती. पांघरूण काही ऊब देत नसतं, अंगात असेल तेवढीच राखतं, आणि तिच्या अंगात आता फारशी नव्हती. बऱ्याच वेळानं कुडकुडणं थांबलं.

"आते बरं शे," ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "मंग गोधडीनं काय?"

"पिंजून पुन्हा भरतो. तुझ्यासाठीच."

तिनं डोळे मिटले. "बेगीन करा," म्हणाली.

काम चार दिवसांचं होतं. ते तिलाही ठाऊक होतं, आयुष्यभर माझ्यासोबत टाके घातले होते तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ऊन आलं तसं तिला ब्लँकेटमध्ये नीट गुंडाळून मी गोधडी मांडीवर घेतली आणि तिनंच घातलेला पहिला टाका उसवला.