पन्नास मिनिटांच्या बोलण्याचं एक पान

माझा धंदा राजेलोकांना कपडे पुरवण्याचा आहे. गैरसमज नको, राजे नाटकातले. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, सुरू होतात, आणि मंडई म्हटली की त्या रात्री नाटक हवंच. नाटकाला लागणारे झगे, मुकुट, दाढ्या, तलवारी, पोलिसाची वर्दी, विधवेचं पांढरं पातळ, हे सगळं माझ्याकडून भाड्याने जातं. दिवाळी ते होळी एवढाच आमचा हंगाम. बाकीचे महिने मी उसवलेलं शिवतो आणि लोकांना गोष्टी सांगतो.

हे सगळं ठेवायला मोठी खोली लागते. आधीची खोली ऐन हंगामात गेली. त्या मालकाने जागा विकली आणि नवा मालक दारात येऊन उभा राहिला. लिहिलेलं काहीच नव्हतं, सगळा तोंडी कारभार. माझे चौदा पेटारे शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले आणि होळीपर्यंत राजघराण्याला शेणाचा वास येत होता. एका गावात महाराणीने रंगमंचावर प्रवेश केला आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, "गाय कोठी बांधली जी?"

तेव्हा बायकोने जाहीर केलं, "आता जे काही ठरन ते कागदावर ठरन."

नवी खोली उन्हाळ्यात लाखनीला हायवेच्या मागच्या बाजूला मिळाली. मालक जवळच्या गावचे धानाचे शेतकरी. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना काकाजी म्हणायला लागलो. बोलणी करायला मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बाज, समोर म्हैस, आतून चहा. मी फोन दोघांच्या मध्ये ठेवला आणि विचारलं, "काकाजी, बोलणं रेकॉर्ड केलं तर चालन? मागून विसरायला नको."

"करा ना. म्या काय चोरीचं बोलून राहिलो?"

पन्नास मिनिटं बोलणं झालं. मी हवेत तरंगत घरी आलो. बायकोला सांगितलं, "सगळं मान्य केलं माणसानं! पत्रे बदलून देणार, हंगामात खोली खाली करायला लावणार नाही. असा मालक दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाकडे गेलो आणि फोन त्याच्या कानाला लावला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"भाऊ, मले हे ऐकवू नका. एका पानावर लिहून आना. दोघांले मान्य हाय ते वरतं. ज्याच्यावर बोलले पन ठरलं नाही, ते खालतं. बाकीच्या गप्पा सोडून द्या. ते पान मालकाले वाचून दाखवा, दोघं सह्या करा, मंग त्याच्यावरून मी करार बनवतो. त्याची नोंदनी होईन. नुसतं पान म्हनजे करार नाही, हे ध्यानात ठेवा."

दुपारी पंखा लावून आम्ही दोघं नवराबायको ऐकायला बसलो. बायकोच्या हातात पेन. मी पाय पसरून, कौतुकाच्या तयारीत.

पहिली दहा मिनिटं माझा आवाज. माझा आवाज चांगला आहे, त्यात वाद नाही. मग बायकोने फोन थांबवला.

"काकाजी कवा बोलतात?"

"बोलतील ना आता."

भाडं त्यांनी खरंच सांगितलं होतं. आधी पाच हजार म्हणाले, मग चहा झाल्यावर चार. बायकोने पाच लिहून खोडलं आणि चार लिहिलं. "शेवटी जे बोलले तेच धरायचं," ती म्हणाली. प्रत्येक मुद्द्यासमोर तिने रेकॉर्डिंगमधली वेळही टाकली, म्हणजे कोणाला शंका आली तर तेवढाच तुकडा ऐकता येईल. भाडं महिन्याच्या पाच तारखेच्या आत. तीन महिन्यांचं डिपॉझिट. विजेचं बिल मीटरप्रमाणे आमच्याकडे. नळ, कडी, बल्ब बिघडला तर आम्ही दुरुस्त करायचा. मुदत अकरा महिने. त्याआधी कोणालाही खोली सोडायची किंवा सोडवायची असेल तर एक महिना आधी सांगायचं. इथपर्यंत काकाजींचा "हो जी" स्वच्छ ऐकू येत होता.

मग आले पत्रे.

माझा आवाज, अगदी तिसऱ्या अंकातला: "काकाजी, पत्र्यांना भोकं आहेत. पावसात माझे जरीचे झगे कुजले तर मी रस्त्यावर! म्हणजे पत्रे तुम्ही बदलून देणार, हो ना? मला माहीतच होतं. मोठं मन आहे तुमचं!"

त्यावर काकाजींचा आवाज: "हट्, बाजूले हो."

"हे म्हशीले म्हणाले," मी घाईघाईने सांगितलं.

"मले समजलं. पन पत्र्याले हो कोठी म्हणाले?"

आम्ही तुकडा चार वेळा ऐकला. हो कुठेच नव्हतं. हंगामाचंही तेच. मी मंडईवर भाषण दिलं होतं, आधीच्या मालकाची नक्कल केली होती, गायीचा किस्सा सांगितला होता. काकाजी पोटभर हसले होते. त्यांच्या हसण्यालाच मी होकार समजून घरी आलो होतो. नाटकवाल्याचं हेच होतं. प्रेक्षक हसला की तो आपल्या बाजूचा झाला असं वाटतं.

"लिहून टाकू का वरतं?" मी हळूच विचारलं. "हसले म्हणजे..."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहू लागलो. तिने पानावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'बोलणं झालं, ठरलं नाही', आणि त्याखाली पत्रे आणि हंगाम. माझी पन्नास मिनिटं एका पानात मावली, आणि त्यातल्या ज्या दोन गोष्टींवर माझं पोट चालणार होतं त्या दोन्ही रेघेच्या खाली.

मी पान घेऊन काकाजींकडे गेलो. हे पान पाहून काकाजी म्हणाले असते की बरं झालं, मी तर काहीच कबूल केलं नव्हतं, तर माझ्याकडे दुसरी खोली नव्हती आणि पाऊस तोंडावर आला होता. तरी मी अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं. वरचं ऐकून ते मान हलवत राहिले. रेघेखाली आल्यावर त्यांनी पान हातात मागितलं.

"हे पत्र्याचं खालतं काहून टाकलं जी?"

"तुम्ही हो म्हणाले नव्हते, काकाजी."

"म्या नाही बी म्हटलं नव्हतं."

"म्हणूनच खाली टाकलं."

ते म्हणाले, "ऐकवा बरं."

बायकोने वेळ लिहिलेली होती, त्यामुळे तुकडा लगेच सापडला. माझं भाषण वाजलं. मोठं मन आहे तुमचं. मग, हट्, बाजूले हो. काकाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आतून काकीजी पाणी घेऊन आल्या.

"अवं, ऐक," ते त्यांना म्हणाले, "हा मानूस मले बोलूच देत नाही, आन् म्हनते, तुमी हो म्हटलं नाही! तुमी थांबाल तवा म्या बोलीन ना, बाप्पा!"

मी थांबलो. आयुष्यात कधी नव्हे तो खरोखर थांबलो. शांततेत म्हैस रवंथ करत होती.

काकाजी सावकाश बोलले. याआधीच्या भाडेकरूने त्यांच्या नावावर नको नको ते लिहून आणलं होतं. रंग देतो म्हणाले, मोटर बसवून देतो म्हणाले, असं सगळं. त्यांनी तो कागद परत केला आणि तेव्हापासून कोणी काही विचारलं की ते गप्प राहायचे. "तुमी तं जे म्या बोललो नाही ते बोललो नाही असंच लिहून आनलं," ते म्हणाले. "मंग आता बोलतो. लिहा."

पत्रे पावसाआधी बदलून मिळतील, खर्च मालकाचा. पण काम होईपर्यंत पेटारे आम्ही हलवायचे. भिंत आणि मुख्य वायरिंगही मालकाकडे.

"आता हंगाम," मी म्हणालो आणि लगेच तोंड मिटलं.

इथे काकाजींची अडचण होती. धाकटा मुलगा नागपूरला कामाला होता. तो परत आला तर याच खोलीत त्याला दुकान टाकायचं होतं. "पोराले म्या कसा थांबवू?" ते स्वतःशीच म्हणाले. काकीजी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंडईत आपल्या गावचं नाटक होते ना? त्याचे कपडे कोन देते?"

"मीच जी," मी म्हणालो. एवढंच.

काकाजींनी मान हलवली. "लिहा. दिवाळीपासून होळीपर्यंत खोली खाली करायले लावनार नाही. पोरगा आला तरी होळीनंतरच एक महिन्याची सूचना. डिपॉझिट खोली खाली केली त्याच दिवशी, बिल आन् तोडफोड कापून. जुन्या भेगा तोडफोडीत धरनार नाही, त्याचे फोटो आजच काढून ठेवा. आन् एक माझं बी लिहा. खोलीत तलवारीची तालीम करायची नाही. मागच्या घरी लेकरं अभ्यास करतात."

मी ते सगळ्यात ठळक अक्षरात लिहिलं. सह्या झाल्या. त्या पानावरून दस्तलेखकाने करार केला, नोंदणी झाली, आणि मृगाच्या आधी डोक्यावर नवे पत्रे आले.

मुलगा पौषातच परत आला. शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे दिवस, रोज दोन-तीन नाटकं, खोलीतून पेटारे जात-येत होते. काकाजी त्याला घेऊन खोली दाखवायला आले. मी पान काढायला ट्रंकेकडे वळलो.

"राहू द्या जी," काकाजी म्हणाले. "माझं बोललेलं मले माहीत हाय." मग मुलाला म्हणाले, "पाहून घे. माप काढून ठेव. होळीपर्यंत यांचं राज्य हाय."

मुलगा तोंड पाडून माप काढत होता. त्याची घाईही मला कळत होती, म्हणून मी त्याला दोन मुकुट डोक्यावर घालून दाखवले. तिसऱ्याला तो हसला.

होळी झाल्यावर सूचना आली. महिनाभरात आम्ही हायवेवरच थोडं पुढे दुसरी जागा पाहिली. खाली करायच्या दिवशी काकाजींनी फोटो आणि भिंती ताडून पाहिल्या, डिपॉझिट माझ्या हातात दिलं, आणि न सांगता मुलाला ट्रॅक्टर आणायला पाठवलं. पेटारे चढले. शेवटी राहिलं लाल मखमलीचं सिंहासन. एक पाय ढिला, पडायची भीती.

"म्या बसतो त्याच्यावर," काकाजी म्हणाले, "म्हनजे हलनार नाही."

आणि धोतर आवरून ते ट्रॉलीत चढून बसले. हायवेवर मागून येणारे ट्रकवाले त्यांना पाहून हॉर्न वाजवू लागले. काकाजी आधी लाजले. मग त्यांनी हळूच एक हात वर केला, आणि मी मागे सायकलवर, एक शब्द न बोलता, त्यांच्याकडे पाहत राहिलो.